कर्जासाठी कोरा चेक देताय? सही करण्याआधी आणि कर्ज फिटल्यावर काय करायचं

“वकीलसाहेब, मी नुसती सही केली होती. आकडा त्याने टाकलाय, अक्षरसुद्धा माझं नाही.”

चेक बाउन्सचं समन्स घेऊन पहिल्यांदा ऑफिसात येणारा माणूस बहुतेक हेच बोलतो. आपण निर्दोष असल्याचा हा पक्का पुरावा, असं त्याला वाटत असतं. कोर्टात या वाक्याला जवळपास किंमत नाही. ती का नाही, हे कळलं तर चेक देताना कुठे अडायचं तेही कळेल. म्हणून आधी ते सांगतो, मग एकेक पायरी.

हा लेख खासगी कर्ज घेणाऱ्यांसाठी आहे: ओळखीतल्या माणसाकडून, सावकाराकडून, गावातल्या ‘फायनान्स’वाल्याकडून. बँका आणि मोठ्या कंपन्या आता हप्ते खात्यातून परस्पर वळते करून घेतात, त्यामुळे तिथे कोऱ्या चेकचा प्रश्न कमी येतो. गावात मात्र अजूनही “तीन चेक सही करून ठेव” याच वाक्यावर व्यवहार ठरतो.

सही केली की काय होतं

चेकचा कायदा 1881 सालचा आहे आणि त्यातलं कलम 138 म्हणजे चेक न वटण्याचा गुन्हा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घात करतं ते मात्र त्याच्या पुढचं कलम, 139. चेकवरची सही तुमची आहे हे एकदा मान्य झालं की तो चेक कायदेशीर देणं फेडण्यासाठीच दिला होता, असं कोर्ट धरून चालतं. फिर्यादीने ते सुरुवातीला सिद्ध करायची गरज नाही. तसं नव्हतं, हे दाखवायचं ओझं तुमच्या डोक्यावर.

बाकीचा मजकूर दुसऱ्याच्या हातचा असला तर? फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरळ सांगितलं की स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेकसुद्धा याच गृहीतकाखाली येतो, मग रकाने कोणीही भरलेले असोत. 2022 च्या एका निकालात तर हस्ताक्षरतज्ज्ञाने ‘मजकूर आरोपीच्या हातचा नाही’ असं सांगितलं तरी तेवढ्याने भागत नाही, असंही स्पष्ट झालं. म्हणजे “अक्षर माझं नाही” हे खरं असलं तरी बचाव म्हणून लंगडंच.

दुसरा लाडका बचाव: “तो चेक तर सिक्युरिटीसाठी होता.” हाही आपोआप चालत नाही. 2016 मध्ये एका सरकारी वित्तसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जो प्रश्न विचारला तो लक्षात ठेवा: चेकवर जी तारीख आहे त्या दिवशी ती रक्कम देणं लागत होती का? कर्ज मिळालं होतं, हप्ता थकला होता, तर चेकला तारण म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, गुन्हा लागू होतो. त्या दिवशी तेवढं देणं नव्हतंच, तर होत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख या एकाच प्रश्नावर आहे. त्या तारखेला नेमकं किती देणं होतं, हे तुमच्याजवळच्या कागदांवरून दिसलं पाहिजे.

पायरी पहिली: कोरा देऊ नका, भरून द्या

चेकवर चार गोष्टी असतात: नाव, रक्कम, तारीख आणि सही. समोरचा म्हणतो, फक्त सही कर. तुम्ही उलट बाजूने सुरुवात करायची.

आधी नाव लिहा, पैसे देणाऱ्याचं पूर्ण नाव, त्याच्या बँक खात्यावर असेल तसं. वर डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारून ‘अकाउंट पेयी’ लिहा. नावाचा रकाना कोरा राहिला तर चेक हातोहात फिरतो आणि ज्याचं तोंडही पाहिलेलं नाही असा माणूस उद्या फिर्यादी म्हणून उभा राहतो. “ह्याने माझ्याकडून हातउसने घेतले” असं तो सांगतो, आणि गृहीतक त्याच्या बाजूने असतं.

मग रक्कम, अक्षरी आणि आकड्यांत. आकड्याच्या अलीकडे-पलीकडे जागा सोडू नका, अक्षरी रकमेनंतर ‘फक्त’ लिहून उरलेल्या जागेत आडवी रेघ ओढा. हल्ली चेकची स्कॅन केलेली प्रतिमा बँकेत जाते आणि या पद्धतीत नाव किंवा रक्कम यांत खाडाखोड चालत नाही, खाली सही करून दुरुस्ती केली तरी नाही. त्यामुळे एकदा भरलेला आकडा वाढवणं अवघड होतं. रिकाम्या रकान्यात मात्र वाटेल ते बसतं, आणि त्याला खाडाखोड म्हणताच येत नाही.

तारखेवर खरी ओढाताण होते. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. कर्ज 31 मार्चला फेडायचं असेल तर 31 मार्चची तारीख घातलेला चेक जूनअखेर मेलेला असतो. पैसे देणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणूनच तो म्हणतो, “तारीख राहू दे.” तारीख न टाकलेला चेक म्हातारा होत नाही. पाच वर्षांपूर्वी दिलेल्या चेकवर परवाची तारीख पडते आणि तो कोवळा होऊन बँकेत जातो. तुम्ही म्हणायचं, “तारीख टाकूनच देतो. मुदत वाढवलीत तर नवा देईन, जुना परत द्या.” ही मागणी वाजवी आहे. जो ती कुठल्याच परिस्थितीत मान्य करत नाही, त्याच्या मनात काय आहे याचा थोडा अंदाज तिथेच येतो.

हप्त्याने फेडायचं असेल तर एका मोठ्या रकमेच्या चेकऐवजी प्रत्येक हप्त्याचा वेगळा, पुढच्या तारखेचा चेक द्या. दहा हप्ते, दहा चेक. प्रत्येक चेकला स्वतःची रक्कम आणि तारीख असते, म्हणून तो वटला की ती बाब संपते. आणि कोणी तारखेआधी टाकला तर बँक तो पास करत नाही.

अडचण इतकी की समोरचा कोऱ्याशिवाय पैसेच देत नाही, असं होतं. घरात दवाखाना चालू असताना तत्त्वं सांगणं सोपं नसतं, हे मला कळतं. तेव्हा निदान दोन गोष्टी सोडू नका: एकच चेक द्या, तीन नव्हे, आणि नाव भरून द्या. एकाच कर्जापोटी जास्त चेक कशाला लागतात? उत्तर असतं, “एखादा चुकला तर.” कोर्टात मी पाहिलंय की त्यातला एक स्वतःच्या नावाने, दुसरा मेहुण्याच्या नावाने आणि तिसरा दुकानातल्या नोकराच्या नावाने येतो.

जामीनदाराचं काय? त्याच्याकडूनही चेक मागतात. तो म्हणतो, मी कुठे पैसे घेतलेत? पण दुसऱ्याच्या देण्यापोटी दिलेल्या चेकलाही कलम 138 लागतं. जामीनदाराचा कोरा चेक देऊ नका, त्याला द्यायलाही लावू नका.

पायरी दुसरी: चेकसोबत एक कागद

चेक हातात देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आहे त्या स्थितीत. कोरा असेल तर कोरा दिसू द्या. ते फोटो त्याच दिवशी पैसे देणाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि खाली लिहा, “आजच्या कर्जापोटी हे चेक दिले.” दोन निळ्या टिका पडल्या आणि त्याने ‘ओके’ म्हटलं, की तो चेक कोणत्या तारखेला, कोणत्या अवस्थेत आणि कशासाठी त्याच्याकडे गेला याची नोंद झाली. तो फोन विकू नका, चॅट पुसू नका. कोर्टात अशा पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून घेतील, पण मूळ फोन हवा.

याहून चांगलं म्हणजे साधं पत्र, दोन प्रतींत. त्याचा मजकूर असा ठेवता येतो:

“आज दिनांक ___ रोजी मी श्री. ___ यांच्याकडून रु. ___ कर्ज घेतले. त्यापैकी रु. ___ माझ्या ___ बँकेतील खात्यात जमा झाले. व्याजदर ___. परतफेडीची मुदत ___. या कर्जाच्या तारणापोटी ___ बँकेचा चेक क्र. ___ (रक्कम रु. ___, तारीख ___) दिला आहे. याच व्यवहारापोटी दुसरा कोणताही चेक, कोरा कागद किंवा स्टॅम्प दिलेला नाही. काही रक्कम परत केल्यास हा चेक परत घेऊन उरलेल्या रकमेचा नवा चेक देण्यात येईल. संपूर्ण फेड झाल्यावर चेक परत करण्यात येईल.”

खाली दोघांच्या सह्या. एखादा साक्षीदार मिळाला तर उत्तम. “दुसरा कोणताही चेक दिलेला नाही” हे वाक्य गाळू नका. पुढे कुठून तरी एखादं पान उगवलं, तर याच वाक्याचा आधार लागतो.

कर्जाची रक्कम खात्यातच घ्या. आयकर कायद्याप्रमाणे 20,000 रुपये किंवा त्याहून मोठं कर्ज रोखीने घेता येत नाही, पण मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे की खात्यावर आलेला आकडा नंतर कोणालाही बदलता येत नाही. रोखीचा व्यवहार आयकर कायद्यात बसत नाही म्हणून चेकचा खटला पडेल, या भ्रमात राहू नका. 2025 मध्ये गोव्यातून गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग बंद केला आहे. त्या प्रकरणातल्या आरोपीचं म्हणणं होतं की मित्राला बँकेचं कर्ज मिळावं म्हणून आपण त्याला सही केलेला कोरा चेक दिला होता. न्यायालयाला ते पटलं नाही आणि शिक्षा कायम झाली.

घरी चेकबुकातल्या अर्धपानावर, म्हणजे काउंटरफॉइलवर, ‘अमुक यांना तारण, अमुक तारीख’ असं लिहून ठेवा आणि चेकबुक संपलं तरी फेकू नका. त्याचा उपयोग पुढे उदाहरणात येईल.

पायरी तिसरी: फेडताना

नवखे लोक इथे सर्वाधिक चुकतात, कारण चेक देऊन झालेला असतो आणि संबंधही चांगले असतात.

समजा तीन लाखांच्या कर्जापोटी तीन लाखांचा चेक दिला आणि एक लाख फेडले. चेक अजून तीन लाखांचाच आहे. त्याने तो तसाच बँकेत टाकला तर? ऑक्टोबर 2022 च्या गुजरातमधल्या प्रकरणात असंच झालं होतं. चेक वीस लाखांचा होता, मधल्या काळात आरोपीने 4,09,315 रुपये दिलेले होते, तरी पूर्ण वीस लाखांचा चेक टाकला गेला आणि परत आला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की चेक टाकला त्या दिवशी वीस लाख देणं नव्हतंच, म्हणून कलम 138 लागू होत नाही. काही रक्कम मिळाली असेल तर तशी नोंद चेकवर करून उरलेल्या रकमेपुरता तो वटवता येतो, ती सोय कायद्याच्या कलम 56 मध्ये आहे. नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक टाकला, तर पैसे देणाऱ्याचाच खटला अडचणीत येतो.

ही मोठी ढाल आहे, पण चेक दिल्यानंतर आणि याच कर्जापोटी तुम्ही पैसे दिलेत हे दाखवता आलं तरच. रोखीने दिलेले हप्ते इथे वाहून जातात. म्हणून फेड ऑनलाइन करा आणि शेऱ्यात ‘मुद्दल परत’ किंवा ‘ऑक्टोबर व्याज’ असं लिहा. रोखीने द्यावंच लागलं तर लगेच मेसेज टाका, “आज दहा हजार रोख दिले, मुद्दलातले.” उत्तर येवो न येवो. आणि मोठी रक्कम फेडलीत की तेव्हाच म्हणा, “जुना चेक द्या, उरलेल्या रकमेचा नवा घ्या.” आठ दिवसांनी म्हटलंत तर तो ‘शोधतो’ म्हणेल.

पूर्ण फेड झाली की पैशाचा शेवटचा हप्ता आणि चेक एकाच वेळी हात बदलले पाहिजेत. तुम्ही पैसे पाठवताय त्या क्षणी चेक टेबलावर हवा. परत मिळाल्यावर नंबर पडताळा, सहीवर काट मारा आणि ‘सर्व रक्कम मिळाली, चेक क्र. अमुक परत केला’ अशी पोचपावती घ्या. “घरी आहे, उद्या देतो” म्हणाला तर शेवटचे पाच-दहा हजार उद्यापर्यंत ठेवून घ्या. यात उद्धटपणा काही नाही, बाजारात मालाचे पैसे असेच देतात.

चेक ‘हरवला’ असं सांगितलं तर तेच त्याच्याकडून लिहून घ्या. नाहीच दिलं तर स्पीड पोस्टाने पत्र पाठवा की अमुक कर्ज अमुक तारखेला फिटलं, चेक क्र. अमुक तुमच्याकडे आहे, तो परत करा, वापरू नका. मग बँकेत ‘स्टॉप पेमेंट’ची सूचना द्या आणि अर्जात कारण नीट लिहा.

स्टॉप पेमेंटबद्दल

“बँकेत चेक थांबवला की झालं,” असं पुष्कळांना वाटतं. चेक ‘पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉवर’ असा शेरा पडून परत आला तरी 138 लागू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये हे स्पष्ट केलं आहे, आणि खातं बंद करण्याबाबत त्याहून कितीतरी आधी. चेक थांबवल्याने पैसे वाचतात, खटला टळतोच असं नाही. देणं उरलेलं नव्हतं हे दाखवावंच लागतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी फेडीचे पुरावे आणि पत्र, मग स्टॉप पेमेंट. आणि त्या वेळी खात्यात पुरेशी शिल्लक असेल तर तुमची बाजू आणखी भक्कम, कारण पैसे नव्हते म्हणून थांबवला असं म्हणता येत नाही. ऑक्टोबर 2025 पासून चेक त्याच दिवशी वटवण्याची पद्धत आली आहे, त्यामुळे “टाकल्याचं कळलं की थांबवू” हा हिशोबही आता चालत नाही.

चेक चोरीला गेला अशी खोटी पोलीस तक्रार कोणी सुचवेल. करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर “चेक दिलेत ना?” “हो दादा” असं संभाषण सापडलं की तुमचा खरा बचावही त्याच्याबरोबर बुडतो.

एक प्रकरण, तारखांसकट

आकडे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. एमआयडीसीत शेड असलेल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने 12 जून 2023 रोजी ओळखीच्या एकाकडून चार लाख घेतले, शेकडा तीन दराने, म्हणजे महिन्याला 12,000 व्याज. पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून खात्यात 3,88,000 आले. तारण म्हणून सही केलेले तीन कोरे चेक दिले, क्रमांक समजा 41, 42 आणि 43. पत्र नाही, फोटो नाही.

जुलै ते जानेवारी दर महिन्याला 12,000 गेले, काही फोनवरून, काही रोख. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याने बँकेतून दीड लाख मुद्दल परत केलं. म्हणजे उरलं अडीच लाख. पैसे देणारा म्हणाला, व्याज पूर्ण चार लाखांवरच चालू राहील. भांडण झालं, व्याज बंद झालं. सप्टेंबरमध्ये 41 नंबरच्या चेकवर साडेसहा लाखांचा आकडा आणि 2 सप्टेंबर 2024 ही तारीख पडली.

5 सप्टेंबरला चेक ‘फंड्स इनसफिशियंट’ शेऱ्याने परत आला. इथून कायद्याचं घड्याळ सुरू होतं. चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत फिर्यादीने लेखी नोटीस पाठवायची असते. त्याने 20 तारखेला पाठवली, आमच्या माणसाला 24 ला मिळाली. मिळाल्यापासून 15 दिवस पैसे भरायला मिळतात, म्हणजे 9 ऑक्टोबरपर्यंत. ते संपले की पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करायची. ही तक्रार फिर्यादीचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात होते, त्यामुळे तुम्ही साताऱ्याचे असलात तरी फेऱ्या ठाण्याला पडू शकतात.

नोटिशीत लिहिलं होतं की मार्च 2024 मध्ये साडेसहा लाख रोख हातउसने दिले. आमच्या माणसाने नोटिशीला उत्तरच दिलं नाही. “खोटंच आहे, उत्तर काय द्यायचं?” माझ्याकडे तो समन्स घेऊन आला तेव्हा ती संधी गेलेली होती. नोटिशीचं उत्तर ही तुमची बाजू पहिल्यांदा कागदावर येण्याची जागा आहे. ते दिलं नाही तर कोर्टात सांगितलेली हकीकत नंतर सुचलेली वाटते. पाकीट न घेऊनही उपयोग होत नाही, बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस मिळाली असंच धरतात. पंधरा दिवसांच्या आत वकिलाकडून उत्तर पाठवा. त्यात कर्ज कधी, किती, कोणते चेक दिले, किती फेडलं हे तारखांसह लिहा आणि खरंच काही देणं उरलं असेल तर तेही मान्य करा. अडीच लाख देणं असताना “मी काहीच घेतलं नाही” असं लिहिणारा माणूस पुढे उलटतपासणीत सापडतो.

खटल्यात फिर्यादीने आरोपीकडून अंतरिम भरपाई मागितली. 2018 पासून कोर्टाला चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत ती देण्याचा अधिकार आहे, इथे ते 1,30,000 झाले असते. ती द्यायलाच हवी असं नाही, कोर्टाने प्रकरण पाहून ठरवायचं असतं. आम्ही बँकेचा उतारा दाखवला आणि अर्ज नामंजूर झाला.

मग चेकबुक उपयोगी पडलं. त्याच्या बायकोने जुनी अर्धपानं रबर लावून डब्यात ठेवली होती. 40 नंबरचा चेक लोखंडवाल्याला 9 जूनला दिलेला, 44 नंबरचा वीजबिलाला 20 जूनला, दोन्ही 2023 मध्येच वटलेले, बँकेच्या उताऱ्यात नोंद. आणि फिर्यादी म्हणत होता की 41 नंबरचा चेक मार्च 2024 नंतर दिला. त्या वेळी आमचा माणूस दुसरं चेकबुक वापरत होता. एखादं जुनं पान मागे राहू शकतं, त्यामुळे हा पुरावा एकटा पुरत नाही. पण जून 2023 ला फिर्यादीच्याच खात्यातून आलेले 3,88,000, फेब्रुवारीतले परत केलेले दीड लाख आणि ही पानं एकत्र ठेवली की तीन चेक कशापोटी होते ते दिसू लागतं. उलटतपासणीत विचारलं, साडेसहा लाख रोख आणले कुठून? विवरणपत्रात दाखवले का? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आरोपीने ऐपतीवर प्रश्न उभा केला तर फिर्यादीला पैसे होते हे दाखवावं लागतं, हेही 2019 च्या एका निकालातून पक्कं झालं आहे. तुम्हाला तुमची बाजू शंभर टक्के सिद्ध करायची नसते. ती जास्त संभवनीय दिसली तरी गृहीतक डळमळतं.

याच दरम्यान त्याने सहायक निबंधकांकडेही अर्ज केला. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि परवानाधारकालाही बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36. रकमेची जागा कोरी ठेवून कागद लिहून घेण्यालाही हा कायदा मनाई करतो. तालुक्याला सहायक निबंधक आणि जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे तक्रार होते. मात्र एकदा मित्राला पैसे दिले म्हणजे तो सावकार होत नाही. धंदा आहे हे दाखवायला आणखी लोकांचे व्यवहार लागतात. आमच्या बाजूने आणखी दोघे पुढे आले, आणि त्यांनीही तीन-तीन कोरे चेक दिलेले होते.

त्यानंतर समोरून तडजोडीचा निरोप आला. लोकअदालतीत 2,60,000 वर मिटलं, दोन डिमांड ड्राफ्टने. तडजोडीच्या मसुद्यात समोरच्या वकिलांनी फक्त ‘चेक क्र. 41 चा खटला मागे’ एवढंच लिहून आणलं होतं. आमचा माणूस आनंदात सही करायला निघाला. मी विचारलं, बेचाळीस आणि त्रेचाळीस कुठे आहेत?

बेचाळीस तिथेच खिशातून निघाला. त्रेचाळीस सापडत नाही म्हणाले. मग मसुद्यात त्याचा नंबर घालून ‘या चेकपोटी कोणतंही देणं नाही, तो आढळल्यास रद्द समजावा’ असं लिहून घेतलं, सह्या झाल्या, आणि दुपारी कोर्टातून थेट बँकेत जाऊन त्या नंबरला स्टॉप पेमेंट दिलं. मसुद्याची प्रत अर्जाला जोडून.